औषध सुरू झालं आणि भूक सुटली: नेमकी कुठली गोळी, हे शोधायचं कसं

आमच्या मेडिकलच्या दारात एक वजनकाटा आहे. औषध घ्यायला आलेला माणूस सहज त्यावर उभा राहतो, आकडा बघतो, आणि काउंटरवर येईपर्यंत त्याचा चेहरा बदललेला असतो. मग प्रश्न येतो. "ही डिप्रेशनची गोळी चालू केल्यापासून वजन वाढत चाललंय, बंद केली तर चालेल का?" कधी तो नेमका उलटा असतो. "तेच दुखणं, तसलीच गोळी, पण आमच्या पोराचं जेवण तुटलंय, त्याचं काय?"

निम्म्या वेळा विचारायच्या आधीच गोळी बंद केलेली असते. दीड-दोन महिन्यांनी झोप उडते, रडू यायला लागतं, आणि तीच चिठ्ठी घेऊन माणूस पुन्हा दारात हजर. पुन्हा गोळी, पुन्हा वजन. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हटलं. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. गोळी बदलणं, कमी करणं, बंद करणं हे चिठ्ठी लिहिणाऱ्याचं काम. पण त्याच्यासमोर जाताना नेमकी माहिती हातात असली की पाच मिनिटांच्या भेटीतही काम होतं, आणि ती माहिती घरीच जमवता येते.

एकाच जागेवर झोप आणि भूक

हिस्टामिन म्हटलं की आपल्याला शिंका, खाज, अंगावर उठलेल्या गांधी आठवतात. पण हे रसायन मेंदूतही काम करतं, आणि तिथलं त्याचं काम वेगळं आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या काही पेशी आपण जागे असेपर्यंत हिस्टामिन सोडत राहतात. हे हिस्टामिन एच-१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक जागेवर, जाऊन बसतं आणि दोन निरोप देतं. एक, जागा राहा. दोन, पोट भरलं, आता ताट बाजूला कर.

अॅलर्जीची गोळी काय करते? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ती हिस्टामिनच्या जागेवर स्वतः बसते. नाकात बसली की शिंका थांबतात. रक्तातून मेंदूत शिरून तिथल्या एच-१ वर बसली की जागं राहण्याचा निरोपही अडतो आणि पोट भरल्याचाही. म्हणून पेंग येते, आणि म्हणूनच चौथी पोळी घेताना हात अडत नाही. गुंगी आणि भूक ही एकाच जागेवर घडणारी दोन कामं आहेत, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचा अर्धा शोध सोपा होतो.

जुन्या अॅलर्जीच्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, मेंदूत सहज शिरतात. सर्दीच्या बहुतेक स्वस्त गोळ्यांत पहिली असते आणि ती घेतली की दुपारी ऑफिसात डोळे मिटतात, ते यामुळे. नंतर आलेल्या गोळ्यांना मेंदूच्या दारावरचे पंप बाहेर ढकलतात. त्यांतही उतरंड आहे. सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिन थोड्या शिरतात, फेक्सोफेनाडिन जवळजवळ नाहीच. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात माणसांच्या मेंदूचं पेट स्कॅन करून हे मोजलेलं आहे. कुठली गोळी घेतल्यावर मेंदूतल्या किती एच-१ जागा अडतात, हे त्यात दिसतं.

डिप्रेशनच्या गोळीचा इथे काय संबंध?

गंमत अशी की ही दोन्ही औषधं एकाच घराण्यातली आहेत. १९५० च्या दशकात फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या कंपन्या अॅलर्जीच्या औषधांचे रेणू थोडेथोडे बदलून बघत होत्या, कारण त्यांची गुंगी मानसिक रुग्णांना शांत करायला उपयोगी पडेल असं वाटत होतं. त्यातूनच इमिप्रामिन आलं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ रोलंड कून यांनी ते आधी दुसऱ्याच आजारासाठी वापरून पाहिलं. तिथे ते चाललं नाही, पण खचलेली माणसं त्यावर सुधारताना दिसली. १९५७ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि डिप्रेशनच्या गोळ्यांचं युग सुरू झालं. पुढे फ्लुओक्सेटिन शोधणाऱ्यांनीही सुरुवात डायफेनहायड्रामिनच्या रेणूपासूनच केली, फक्त त्यांनी वाटेत हिस्टामिनचा भाग जवळजवळ पुसून टाकला.

म्हणजे काही डिप्रेशनच्या गोळ्यांनी घराण्याची सवय ठेवली आणि काहींनी सोडली. अॅमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन, मिर्टाझापिन यांनी ती जोरात ठेवली. त्या एच-१ वर अॅलर्जीच्या गोळ्यांइतक्याच, किंबहुना जास्त घट्ट बसतात. डॉक्सेपिन तर इतकं घट्ट बसतं की ३ ते ६ मिलिग्रॅम एवढ्याशा मात्रेत ते निव्वळ झोपेसाठी वापरतात. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, ब्युप्रोपिऑन यांचा या जागेशी फारसा संबंध नाही.

याला दुसरा धागा सिरोटोनिन या मेंदूतल्याच आणखी एका रसायनाचा. त्याचा ५-एचटी-२सी नावाचा एक रिसेप्टर आहे, तो चेतवला की भूक कमी होते, अडवला की वाढते. मिर्टाझापिन हाही अडवतं. दोन्ही ब्रेक एकदमच सुटतात म्हणा ना. कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांतले आकडे माहितीपत्रकात छापलेले आहेत. मिर्टाझापिन घेणाऱ्या १०० जणांपैकी १७ जणांनी भूक वाढल्याचं सांगितलं, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २ जणांनी. झोपाळूपणा ५४ विरुद्ध १८. एका यादीतल्या या दोन ओळी सुट्या वाचायच्या नाहीत. एकाच कारणाचे ते दोन परिणाम आहेत.

उलट टोकाला ब्युप्रोपिऑन. ते हिस्टामिनकडे बघतच नाही. नॉरअॅड्रेनालिन आणि डोपामिन ही मेंदूतली दुसरी रसायनं वाढवतं, आणि त्यामुळे हायपोथॅलॅमसमधल्या तृप्तीच्या पेशी जास्त काम करतात. त्याच्या चाचण्यांत रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी १४ टक्के लोकांचं वजन पाच पौंडांहून जास्त, म्हणजे साधारण सव्वादोन किलोहून जास्त उतरलं, दिखाऊ गोळीवर ६ टक्क्यांचं. अमेरिकेत २०१४ पासून ते नाल्ट्रेक्सोनबरोबर एकाच गोळीत वजन उतरवण्यासाठीही मिळतं.

मधल्या गोळ्यांचं वागणं जरा लबाड आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांनी सुरुवातीला सिरोटोनिन वाढतं, मळमळतं, जेवण कमी होतं. पहिल्या महिन्यात वजन अर्धा-एक किलो उतरतंसुद्धा. चार-सहा महिन्यांत शरीर सरावतं आणि काटा हळूहळू वर सरकतो. यांत पॅरॉक्सेटिन वजनाला सगळ्यात वाईट. पण फरक किती ते बघा. २०२४ मध्ये अमेरिकेत मोठ्या संख्येने रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांनी एस्सिटालोप्राम घेणाऱ्यांचं वजन सर्ट्रालिनवाल्यांपेक्षा सरासरी ०.४ किलोने जास्त निघालं. म्हणून एस्सिटालोप्रामवर तीन महिन्यांत सात किलो वाढले असतील, तर तिच्यावर सगळं ढकलू नका. सरासरीपेक्षा खूप जास्त वाढणारेही काही असतात, पण त्याआधी औषधांच्या डब्यात अजून काय आहे ते बघायला हवं.

एका ताईंचा कागद

या शोधात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एक कोरा कागद. त्यावर डावीकडे तारखा, मध्ये त्या दिवसाचं वजन आणि उजवीकडे त्या सुमाराला सुरू किंवा बंद झालेलं प्रत्येक औषध. कुठल्या दुखण्यासाठी, कुठल्या डॉक्टरांचं, हे बघायचं नाही. सगळं लिहायचं. सर्दीची गोळी, झोपेची, मुलांचं सिरप, शेजारणीने दिलेली पुडीसुद्धा.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक ताई, वय पंचेचाळीसच्या आसपास. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतो. नोव्हेंबरमध्ये त्यांना डिप्रेशनसाठी मिर्टाझापिन १५ मिलिग्रॅम रात्री सुरू झालं. जुलैत काट्यावर उभ्या राहिल्या तर ६४ किलो. "आता ही गोळी नको, अकरा किलो वाढवले हिने." आम्ही काउंटरवरच बिलाच्या मागे कागद मांडला. जुनी बिलं माझ्याकडे होती, वजनं त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोंत आणि डॉक्टरांच्या फाइलवर.

कागद असा उतरला. आजारपणाच्या आधी ५८. खाणं सुटल्यामुळे नोव्हेंबरमध्ये ५३. जानेवारीच्या मध्याला ५६.५. मार्चअखेर ५८.५. आणि मग जुलैत ६४.

आता नीट बघा. पहिले पाच किलो वाढलेले नाहीतच, परत आलेले आहेत. डिप्रेशनमध्ये माणूस जेवण टाकतो, बरा होताना ते वजन परत येतं, आणि ते यायलाच हवं. म्हणून मोजणी गोळी सुरू झाल्याच्या दिवसापासून न करता दुखण्याआधीच्या वजनापासून करायची. हा घोळ बहुतेक सगळे घालतात.

शिवाय मार्चपर्यंत चढ मंदावत चालला होता आणि एप्रिलनंतर एकदम पुन्हा उभा झाला. मिर्टाझापिनची मात्रा तर तीच होती. मग एप्रिलमध्ये काय झालं? बिलात सापडलं. डोकेदुखीसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी फ्लुनारिझिन १० मिलिग्रॅम रात्री लिहिलं होतं. मायग्रेनचे झटके येऊ नयेत म्हणून आपल्याकडे हे फार वापरतात. फ्लुनारिझिनही एच-१ अडवतं, पेंग आणतं, वजन वाढवतं. त्याहून मोठी गोष्ट, ज्याला डिप्रेशन आहे किंवा होऊन गेलंय त्याला ते देऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं, कारण त्याने मन आणखी खचू शकतं. डोकेदुखीच्या डॉक्टरांना मिर्टाझापिनचं माहीत नव्हतं, ताईंनी सांगितलं नव्हतं. "ती गोळी घेते हे कशाला सगळ्यांना सांगायचं?" हे त्यांचं म्हणणं मला कळतं, पण त्या लाजेची किंमत त्यांनी मोजली होती.

तिसरी गोष्ट त्यांना औषध वाटतच नव्हती. जानेवारीत धुळीच्या शिंकांसाठी दहा दिवसांची मॉन्टेलुकास्ट-लेव्होसेट्रिझिन लिहिली होती. ती दहा दिवसांची गोळी जुलैतही रोज रात्री चालू होती. संपली की पाकिटाचा कोपरा दाखवून नवी न्यायची, आणि देणाऱ्यात मीही होतो, हे कबूल करतो. म्हणजे रोज रात्री एकाच जागेवर तीन रुमाल. आणि मॉन्टेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये चौकटीतला कडक इशारा दिला आहे, कारण त्याने मनःस्थिती बिघडल्याची उदाहरणं आहेत. डिप्रेशनच्या माणसाला ते सहा महिने सहज म्हणून चालू ठेवणं बरं नव्हे.

तो कागद घेऊन त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. मिर्टाझापिनला हात लागला नाही, कारण त्यावर त्यांची झोप आणि मन दोन्ही स्थिर होतं. फ्लुनारिझिन बंद झालं. महिन्यातून दोनदाच डोकं दुखत होतं, तेवढ्यासाठी रोजच्या गोळीची गरज नव्हती, दुखेल तेव्हा वेदनाशामक पुरे. अॅलर्जीसाठी नाकात मारायचा फ्लुटिकासोनचा फवारा आला आणि अगदीच शिंका सुरू झाल्या तर फेक्सोफेनाडिन. फवारा पहिल्या दिवशी चमत्कार करत नाही, आठवडाभर रोज मारावा लागतो. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे रोखायची, नाहीतर रक्त येतं. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्यायची. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती नीट शोषलीच जात नाही, आणि मग "ही गोळी चालत नाही" म्हणून माणूस परत जुनीकडे वळतो.

फ्लुनारिझिन शरीरातून निघायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे पहिला महिना काट्यावर काहीच हललं नाही आणि ताई निराश झाल्या. पण एक बदल त्यांना स्वतःलाच जाणवला. रात्री साडेदहाला फरसाणाचा डबा उघडायची जी ओढ होती, ती गेली. नोव्हेंबरमध्ये ६१. तिथेच थांबलं. म्हणजे मिर्टाझापिनचे म्हणून साधारण तीन किलो शिल्लक राहिले.

गोळी अर्धी करून का भागत नाही

यावर लोकांचा आवडता उपाय म्हणजे गोळी मोडून अर्धी घेणं. मिर्टाझापिनच्या बाबतीत हा उपाय उलटा पडतो. हे औषध एच-१ वर इतकं घट्ट बसतं की साडेसात मिलिग्रॅममध्येही ती जागा बरीचशी अडते. मन सुधारण्याचं काम मात्र जास्त मात्रेत होतं. त्यामुळे १५ ची अर्धी केली की औषधाचा गुण कमी होतो, पेंग आणि भूक जवळपास तशीच राहते. डॉक्टर कधीकधी मात्रा वाढवतात आणि रुग्ण हबकतो, त्यामागे हेही कारण असतं.

एकदम बंद करणं त्याहून वाईट. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन अचानक थांबवलं तर दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं सुरू होतं. लोकांना वाटतं आजार उलटला, आणि घाबरून दुप्पट घेतात.

मग बदल कधी मागावा? मी लोकांना सांगतो, पहिल्या सहा आठवड्यांतला काटा डॉक्टरांना दाखवा. या औषधांनी भूक वाढायची असेल तर ती बहुधा सुरुवातीलाच कळते, आणि वाढलेलं वजन उतरवण्यापेक्षा वाढतंय तोवर गोळी बदलणं सोपं. दुखण्याआधीच्या वजनाच्या पाच टक्के वर गेलात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तीन किलो, की थांबून विचारायची वेळ झाली. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, सकाळी, जेवणाआधी, त्याच काट्यावर. रोज करणाऱ्याला पाण्याचे चढउतार दिसतात आणि उगाच डोकं फिरतं.

आणि आकड्याइतकीच भुकेची तऱ्हा लिहा. जेवताना थांबावंसं वाटत नाही, रात्री गोड किंवा पिठाचं काहीतरी हवंच वाटतं, दिवसभर सुस्ती, ही सगळी एच-१ ची खूण. दोन पोळ्या आणि चमचाभर तूप रोज जास्त गेलं तर साधारण अडीचशे कॅलरी होतात, आणि तेवढ्याने महिन्याला जवळपास एक किलो भरतो. माणूस "मी काही जास्त खात नाही" म्हणतो ते खोटं नसतं, ताटात दोन पोळ्यांचा फरक कोण मोजतो?

खाणं खरंच तेवढंच आहे, भूक वाढलेली नाही, तरीही वजन चढतंय, थंडी जास्त वाजते, केस गळतात, तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावला की मनही खचतं आणि वजनही वाढतं, आणि बदनाम गोळी होते. चेहरा गोल झाला, पोटावरच चरबी आली, अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात, तर वेगळा संशय घ्या, स्टेरॉइडचा. अॅलर्जीसाठी क्लोरफेनिरामिनच्या भावंडाबरोबर बेटामेथासोन मिसळलेल्या गोळ्या मिळतात, आणि दवाखान्यात कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या सुट्या पांढऱ्या गोळ्यांत काय आहे ते तर कळतच नाही. "त्या डॉक्टरांच्या पुडीने दम एका रात्रीत बसतो" असं कोणी म्हणालं की मी नाव विचारून लिहून आणायला सांगतो. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर तीही एकदम थांबवायची नाही.

भूक नाही म्हणून भुकेचं सिरप

दुसऱ्या टोकाची तक्रार कमी येते, पण त्यात एक सापळा आहे. एका काकूंचा मुलगा इंजिनिअरिंगला. त्याला फ्लुओक्सेटिन २० सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात त्याने सकाळचा नाश्ता बंद केला, रात्री भाकरीचा चतकोर. काकू माझ्याकडे भुकेचं टॉनिक मागायला आल्या. आपल्याकडे ते टॉनिक म्हणजे बहुतेक वेळा सायप्रोहेप्टाडिनचं सिरप, बाटलीवर हसरं बाळ किंवा फळांचं चित्र.

सायप्रोहेप्टाडिन हे मूळचं अॅलर्जीचंच औषध. दमेकरी मुलांना ते देत असताना मुलं भरपूर जेवायला लागली, वजनं वाढली, आणि १९६२ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात त्यावर लेख आला. तेव्हापासून ते भुकेचं औषध झालं. त्याचा स्वभाव बघा. एच-१ अडवतं आणि सिरोटोनिनच्या जागाही अडवतं. म्हणजे जवळपास मिर्टाझापिनचाच चुलतभाऊ, फक्त आमच्या दुकानात तो वेगळ्या फळीवर असतो.

फ्लुओक्सेटिन सिरोटोनिन वाढवतं आणि सायप्रोहेप्टाडिन त्याच सिरोटोनिनच्या जागा अडवतं. दोन्ही एकत्र दिली तर भूक येईलही, पण डिप्रेशनच्या गोळीचा गुण मारला जाऊन आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. काकूंना मी सिरप दिलं नाही. ही मळमळ बहुधा दोन-चार आठवड्यांत ओसरते, तोवर गोळी नाश्त्यानंतर द्या, एका मोठ्या ताटाऐवजी थोडंथोडं चार वेळा द्या, दूध-केळं, भाताची पेज असं पोटात राहील ते. महिन्यानंतरही वजन उतरतच राहिलं तर डॉक्टरांकडे न्या. आणि मुलगा जेवण टाळतोय ते भूक नाही म्हणून, की जाड होईन या भीतीने, हेही हळूच बघा. खाण्याचाच आजार असेल तर ब्युप्रोपिऑन त्याला चालत नाही, फिट येण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.

तालमीतली पोरंही हे सिरप मागतात, वजन भरायला. बंद केल्यावर भूक पूर्ववत होते आणि भरलेलं वजन बरंचसं उतरतं, वर व्यायामाच्या वेळी पेंग. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. समोरच्या दुकानात मिळतं, हे मला माहीत आहे.

याच्या उलट, "वजन उतरवणारी डिप्रेशनची गोळी द्या" म्हणणारेही भेटतात. त्यांना मी सिब्युट्रामिनची गोष्ट सांगतो. ते मुळात डिप्रेशनसाठीच तयार केलं होतं, तिथे जमलं नाही, भूक मारतं म्हणून वजनासाठी विकलं गेलं. पुढे हृदयावर परिणाम दिसले, अमेरिकेत २०१० मध्ये ते बाजारातून गेलं आणि २०११ मध्ये भारतात बंदी आली.

रोजची अॅलर्जीची गोळी सोडावी का?

हा प्रश्न जाता जाता. सेट्रिझिनने वजन वाढतं का, तर पुरावा पातळ आहे. अमेरिकेच्या २००५-०६ च्या आरोग्य पाहणीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अशा गोळ्या घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जाड निघाले. पण एकाच वेळची ती पाहणी, आधी वजन की आधी गोळी हे त्यातून कळत नाही. शिवाय त्यात मेंदूत न शिरणारी फेक्सोफेनाडिन घेणारेही बरेच होते. त्यामुळे पावसाळ्यात दहा दिवस सेट्रिझिन घेतली म्हणून घाबरायचं कारण नाही. माझी शंका येते ती वर्षभर रोज रात्री, सवयीने, दुसऱ्या पेंग आणणाऱ्या गोळीच्या जोडीला घेतलेल्या गोळीवर.

एक खबरदारी. पेंग ही खूण चांगली आहे, पण ती कायम टिकत नाही. जुन्या अॅलर्जीच्या गोळ्यांची गुंगी तीन-चार दिवसांत शरीराला सरावाची होते. "आता मला झोप येत नाही, म्हणजे ही गोळी सोसली" असं समजून महिनोन्महिने चालू ठेवणाऱ्याची भूक मात्र वाढलेलीच राहू शकते. म्हणून विचारायचं ते आजचं नव्हे. ही गोळी घेतल्यावर पहिल्या दोन दिवसांत डोळे मिटत होते का, ते आठवून त्या कागदावर तिच्या नावापुढे खूण करायची. अशा खुणा तीन झाल्या की कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं, आणि जाताना सगळी पाकिटं एका पिशवीत भरून न्यायची, रिकामी झालेलीसुद्धा.

त्या ताई आता महिन्याला येतात. मिर्टाझापिन अजून चालू आहे. बरं वाटायला लागल्यापासून सहा महिने तरी ती चालवायची आणि मग डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतील असं ठरलंय. परवा काट्यावर ६०.८ होतं. त्यांनी तो आकडा बिलाच्या मागे लिहिला, घडी घातली आणि जाताना विचारलं, "सर्दी झालीय, काहीतरी द्या ना." मी वाफ घ्यायला सांगितली आणि फेक्सोफेनाडिनची दोन गोळ्यांची पट्टी कापून दिली.